'छुपा', 'सुप्त' की 'अलिखित' अभ्यासक्रम?

नीरजा: शिक्षणाच्या समाजशास्त्रावरचा एक लेख मराठीत करतेय. हिडन करिक्युलमला मी 'छुपा अभ्यासक्रम' लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'सुप्त' केलं. मला पटत नाहीये. लेखात उदाहरण असं आहे की दोन मुलांना एकच गणित अडलंय, एक उठून सरळ टेबलापाशी जातो, "बाई, पहिली पायरी अशीच ना?" म्हणतो, आणि बोलता बोलता बाई अर्धी वाट दाखवून टाकतात. दुसरा हात वर करून बसतो, बाईंचं लक्ष जात नाही, मग हात खाली घेतो आणि गणित तसंच सोडून देतो. अडलं की मागे लागून विचारायचं असतं हे कुठल्याच पुस्तकात नाही, पण मार्क त्याचेच पडले. याला नेमका शब्द काय?

तात्या: सुप्त म्हणजे झोपलेला. हा तर शाळेची घंटा झाल्यापासून जागा असतो! 'प्रच्छन्न' हा चांगला शब्द असताना 'छुपा' कशाला?

रानवारा: म्हणजे पुस्तकांतून एखादी विचारसरणी हळूच घुसडतात तेच ना? छुपा अजेंडा म्हणतात तसं.

नीरजा: नाही, तीच तर भीती आहे. 'छुपा' म्हटलं की कुणीतरी मुद्दाम लपवलंय असं वाटतं, इथे बाईंच्या मनात काहीच नाही. आणि तात्या, प्रच्छन्नमध्येही झाकणारा आलाच की.

अवधूत: हा शब्दप्रयोग रुळला तो फिलिप जॅक्सन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाच्या १९६८च्या पुस्तकामुळे, पण त्याचा रोख वर्गभेदावर नव्हता. गर्दीत आपली पाळी येईपर्यंत थांबणं, सतत कुणीतरी जोखतंय हे सहन करणं, वरच्याचं ऐकणं, हे सगळ्याच मुलांना शिकावं लागतं असं तो म्हणत होता. वर्गभेदाचा मुद्दा ठळक केला जीन अन्यॉन या संशोधिकेने, १९८०मध्ये न्यू जर्सीतल्या पाच शाळा बघून. कामगारवस्तीतल्या एका वर्गात बाई कागदावर चौकटी आखायच्या पायऱ्या सांगत होत्या, आपण काय बनवतोय हे न सांगता. एक मुलगी म्हणाली माझ्याकडे याहून झटपट रीत आहे, तर उत्तर मिळालं की मी सांगते तसं कर, नाहीतर चूक. सगळ्यात श्रीमंत शाळेत मात्र क्षेत्रफळाचं सूत्र मुलांकडूनच काढून घेत होते. विषय एकच गणित, पण एकीकडे हुकूम पाळायची सवय लागते आणि दुसरीकडे डोकं चालवायची.

तात्या: मग 'अलिखित' म्हणा. अलिखित नियम आपण म्हणतोच.

अवधूत: अलिखित चालेल, पण अलिखित नियम सगळ्यांना माहीत असतात. इथे काहींना घरूनच माहीत असतो आणि काहींना असा नियम आहे हेच माहीत नसतं, सगळा घोळ तिथेच आहे.

शुभदा: शब्दाचं मला कळत नाही, पण मी बरीच वर्षं शिकवलंय. प्रगतिपुस्तकात शेरा लिहायचा तर माझ्याकडे ठरलेले शब्द होते, 'चुणचुणीत', 'धीट', नाहीतर 'बुजरा', 'वर्गात सहभाग कमी'. नंतर एकदा जुने शेरे घेऊन बसले तर चुणचुणीत मुलं जवळजवळ सगळी अशा घरांतली, जिथे मोठ्यांशी वाद घातला तरी चालतो, आणि ज्यांच्या घरी मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही असं शिकवलेलं ती माझ्या लेखी बुजरी. ते पोर माझा मान राखत होतं आणि मी त्याला सहभाग कमी म्हणत होते. अजून लागतं ते मनाला.

रानवारा: मग याला सरळ 'घरचे संस्कार' म्हणा ना, असल्या लेखांत घरून मिळालेल्या या सवयींना 'सांस्कृतिक भांडवल' म्हणतात, ते कशाला? भांडवल म्हणजे शेवटी भांडीकुंडीच.

तात्या: भांडीकुंडी नव्हे हो. संस्कृतात भांड म्हणजे व्यापाऱ्याचा मालसुद्धा.

अवधूत: आणि तोच अर्थ इथे हवाय. 'सांस्कृतिक भांडवल' म्हणणाऱ्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यूने भांडवल शब्द विचार करून घेतलाय, कारण ते साठतं, वारशाने मिळतं आणि वटवता येतं. शुभदाताईंच्या त्या बुजऱ्या मुलावर संस्कार कमी होते का? उलट भरपूर होते, पण शाळेत ते वटत नव्हते. दुसऱ्याचा धीटपणा वटला, शेरा झाला, मार्क झाले, आणि सगळ्यांना वाटलं मूल मुळातच हुशार. 'संस्कार' म्हटलं की हा व्यवहार दिसेनासा होतो.

नीरजा: 'वळण' कसं वाटतं? शाळा वळण लावते, घरही लावतं, आणि दोन्ही वळणं जुळली तर मूल हुशार ठरतं.

तात्या: वळण अस्सल मराठी आहे, पण परिभाषा म्हणून ढिलं पडतं.

शुभदा: मला वळणच पटतं. पण नीरजा, त्या लेखात दुसऱ्या मुलाचं पुढे काय झालं ते दिलंय का? बाई त्याच्या बाकापाशी स्वतःहून गेल्या असत्या तर, असं काही?

नीरजा: पुढचं पान अजून व्हायचंय. तोवर 'छुपा'च ठेवलाय, बाई परत खोडणार हे धरून.