अकरा लेकरं, लाल गोळ्या आणि मागं राहिलेली चप्पल

बालाघाटचा वारा: आमच्या आजीला अकरा लेकरं झाली. भाकरी, ठेचा आन् वरण, एवढ्यावर. ना बी१२ ऐकलं होतं, ना प्रोटीन. आता सुनेला दिवस गेले की पहिलं लॅबवाल्याचं घर भरायचं. शाकाहारात सगळं असतंय, खाणारा पाहिजे. पटत नसल तर सांगा.

लातूरची लेक: सांगते. अकरा झाली, त्यातली जगली किती तेही लिहायचं होतं. माझ्या आजीला नऊ झाली, पाच मोठी झाली. बाकीच्या चौघांचं नाव घरात कुणी काढत नाही.

आता माझ्या बहिणीचं ऐका. औसा तालुक्यातलं माळकरी सासर. चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन ८.१. आशाताईंनी लाल गोळ्या दिल्या, रोज घेतल्या, दोन महिन्यांनी बघतो तर ८.४. सासू म्हणाली, गोळ्या उकिरड्यावर टाकत असेल. मी गेले तर बिचारीनं रिकामी पाकिटं पत्र्याच्या डब्यात पुरावा म्हणून जपून ठेवलेली. त्याच दिवशी अंगणात तिच्या पायातली चप्पल मागं राहिली आणि ही तशीच चार पावलं पुढं गेली. तिला पत्ताच नाही. पायाला मुंग्या येतात असं ती महिनाभर सांगत होती, घरचे म्हणत होते पोटाच्या भारानं येतात.

रिपोर्टवर एमसीव्ही ८८, म्हणजे रक्तपेशींचा आकार बरोबर. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी लोहच चालू ठेवलं होतं. पण लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी१२ कमी पडलं की मोठ्या. दोन्ही कमी असलं की सरासरी मधोमध येऊन बसते आणि कागद म्हणतो, ठीक आहे. खालच्या ओळीत आरडीडब्ल्यू २१ छापलेला होता, म्हणजे पेशींत लहान-मोठ्यांचा नुसता बाजार भरला होता. ती ओळ कुणी वाचलीच नाही. दुसरीकडे बी१२ तपासलं, ११२ निघालं. इंजेक्शनं सुरू झाली, लोह चालूच ठेवलं, सहा आठवड्यांत १०.३. आता सांगा, लॅबवाल्याचं घर भरलं का बहिणीचं वाचलं?

शेतकरी पोर: ताई, तुमचं खरं असल. पण पूर्वी लोक आडाचं पाणी प्यायचे, शेतातली भाजी झटकून खायचे, बी१२ त्यातून मिळायचं. आन् आंबिल? येळवशीला आम्ही मडकंभर पितो. आंबवलेल्यात बी१२ असतंय, गोळी कशाला पाहिजे?

सिस्टर (बीड): बी१२ जिवाणूच बनवतात, एवढं बरोबर. पण आंबिल आंबवणारे जिवाणू ते भरवशाचं बनवत नाहीत. आंबिलीत जे थोडंफार असतं ते ताकातलं. मात्र आंबवल्यानं ज्वारीतलं लोह अंगी लागायला मदत होते, तेव्हा प्या, बी१२ च्या नावानं नको. आणि आडाच्या पाण्याचं म्हणाल तर त्यातून बी१२ किती मिळायचं देव जाणे, हगवण नक्की मिळायची.

ह्या धाग्यातली खरी भीती वेगळीच आहे. लाल गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी१२ नसतं. फॉलिकनं रक्त थोडं सुधारलेलं दिसतं आणि आत नसांची झीज चालूच राहते. ती चप्पल म्हणजे तेच. पुण्यात केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं पाहिली. ज्या आयांच्या रक्तात फॉलेट, म्हणजे हेच फॉलिक, भरपूर आणि बी१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट काम न करण्याचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणून लाल गोळी बंद करू नका हो, ती लागतेच. जोडीला बी१२ बघा.

मोगरा: मला त्या गोळीनं शौचाला डांबरासारखं काळं व्हायचं, सासूबाई म्हणाल्या पोटात रक्तस्राव झालाय. रात्री अकराला रिक्षा करून दवाखाना. मग बंदच केली. शतावरी कल्प घेतला, पोरगं साडेतीन किलोचं झालं!!

सिस्टर (बीड): काळं होणारच, लोहच आहे ते. आणि गोळी चहासोबत घेत होता ना? खरं सांगा.

मोगरा: चहासोबतच घेणार ना, मळमळ कशी थांबायची?

सिस्टर (बीड): चहात लोह अडकून बसतं. तास-दीड तास अंतर ठेवा, लिंबूपाण्यासोबत घ्या. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको.

हरिपाठ: मूळ विषय सोडून माळकरी घराला बोल लावायचे धंदे बंद करा. आमच्याकडं तीन पिढ्यांची माळ आहे. दूध, दही, ताक सगळं खातो. दुधात बी१२ असतं हे तुम्हीच सांगता.

लातूरची लेक: असतं. पण गरोदर बाईच्या पोटात किती जातं? बहिणीच्या सासरी तीन म्हशी. सकाळी सगळं दूध डेअरीला, राहिलं तेवढ्यात चहा. तिच्या वाट्याला दिवसाला चार चमचे आणि सासऱ्यांच्या जेवणानंतर उरलेलं पाणीदार ताक. कपभर दुधात एक मायक्रोग्रॅमच्या आसपास बी१२, दिवसाला लागतं अडीचच्या जवळपास. करा हिशोब.

हरिपाठ: हिशोब डेअरीला विचारा! लिटरला काय भाव देतात माहीत आहे? पेंडीचं पोतं घेऊन दाखवा आधी. शेतकऱ्यानं दूध घरी पिलं तर हप्ता कुणी भरायचा?

शेतकरी पोर: हे शंभर टक्के. फॅट कमी लावायलेत, भाव पाडायलेत. आमच्या गावात अर्ध्या म्हशी विकल्या लोकांनी.

बालाघाटचा वारा: सोयाबीनचं तेच. आख्खा लातूर जिल्हा पिकवतो आन् वरणात डाळ भिंगानं शोधायची!

लातूरची लेक: पहिल्यांदा कामाचं बोललात. सोयाबीनमध्ये तुरीपेक्षा दीडपट प्रोटीन. आम्ही किलोभर ज्वारीला मूठ-दोन मूठ सोयाबीन खरपूस भाजून दळून आणतो. कच्चं दळायचं नाही, पोटात गुबारा धरतो. भाकरी थोडी चिरते, पण थापता येते. वाटीभर पातळ वरणात सहाएक ग्रॅमच प्रोटीन असतं, शेवटच्या तीन महिन्यांत तर रोजच्यावर वीसेक ग्रॅम जादा लागतं.

रानफूल (मूळ नांदेड, सध्या पुणे): मी व्हिगन आहे, पाचवा महिना. दूधही नाही. स्पिरुलिना घेते, पाकिटावर बी१२ लिहिलंय. चालेल ना?

हरिपाठ: दूधही नाही म्हणजे? गायीनं काय घोडं मारलंय?

सिस्टर (बीड): स्पिरुलिनातलं बरंचसं बी१२ नुसतं दिसायला तसं, शरीर वापरत नाही. तुम्हाला गोळी लागणारच, वादच नाही. तोंडावाटे एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम नीट शोषलं जातं, वरच्याचा शंभरातला एखादा भाग. म्हणून हजार मायक्रोग्रॅमची गोळी बघून घाबरू नका. किती आणि केव्हा ते डॉक्टरांकडून ठरवा, बाळाला पाजेपर्यंत सोडू नका. आईच्या दुधात बी१२ नसलं की चांगलं हसणारं लेकरू सात-आठ महिन्यांत हसणं सोडतं, मान टाकतं, बोटांची पेरं काळी पडतात, मग हात थरथरतात. आमच्या वॉर्डात अशी लेकरं आली आहेत. आया सगळ्या शाकाहारी, गोळी एकीलाही नव्हती.

रानफूल: माझं १९० आलं होतं. कमी म्हणजे कमीच ना?

सिस्टर (बीड): गरोदरपणात रक्त पातळ होतं, आकडा तसाही खाली येतो. १९० ला कुणी कमी म्हणेल, कुणी काठावर. बी१२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन वाढतं, तेही बघतात, पण त्याचेही गरोदरपणातले आकडे वेगळे. व्हिगन असाल तर मी वाट बघणार नाही.

बालाघाटचा वारा: बरं बाई, जिंकलात तुम्ही सगळ्या. सुनेचा रिपोर्ट काढलाय कपाटातून. एमसीव्ही ९१ आहे. ते आरडीडब्ल्यू कुठल्या ओळीत असतंय?