गावच्या घराचा स्लॅब: खरंच १८०० किलो लोखंड लागतं का?

संदीप: सगळ्यांना नमस्कार, कराडच्या घराचं सेंट्रिंग चालू झालंय, पुढच्या रविवारी स्लॅब टाकायचा म्हणतायत. आज ठेकेदाराने लोखंडाची यादी दिली त्यात स्लॅब आणि बीम मिळून १८०० किलो लिहिलंय. फुटिंग आणि कॉलमचं लोखंड तर आधीच आणलेलं वापरून झालं. काका हा आकडा बरोबर वाटतो का तुम्हाला? मला काहीच अंदाज येत नाहीये

बापूकाका: स्लॅब किती बाय किती? जाडी किती आणि बीम कसे आहेत ते टाक आधी, नुसत्या किलोवरून काही सांगता येत नाही

संदीप: ३० बाय २० फूट, जाडी ५ इंच. कॉलम ९ आहेत, म्हणजे लांबीत १५-१५ फुटांचे दोन गाळे आणि रुंदीत १०-१० फुटांचे दोन. बीम ९ बाय १५ इंच. बाल्कनी नाही, जिना बाहेरून नंतर करणार आहोत

बापूकाका: चांगलं, साधा स्लॅब आहे. मग आधी काँक्रीट काढू, लोखंड त्यावरूनच निघतं. ३० गुणिले २० म्हणजे ६०० चौरस फूट, ५ इंच म्हणजे ५ भागिले १२ फूट, गुणलं की २५० घनफूट झाले. हा झाला स्लॅब.

आता बीम. लांबीचे ३ बीम ३० फुटांचे म्हणजे ९० आणि रुंदीचे ३ बीम २० चे म्हणजे ६०, एकूण १५० रनिंग फूट. इथे लोक चुकतात बघ, बीमची १५ इंच खोली सगळी धरतात पण वरचे ५ इंच स्लॅबमध्येच असतात आणि ते आपण आधीच मोजलेत. म्हणून काँक्रीटसाठी बीम फक्त खाली लोंबतो तेवढा धरायचा, १० इंच. ९ इंच म्हणजे पाऊण फूट, पाऊण गुणिले १० भागिले १२ गुणिले १५०, साधारण ९४ घनफूट. दोन्ही मिळून ३४४ घनफूट, म्हणजे साडेतीन ब्रासला थोडं कमी. पूर्ण १५ इंच धरले असते तर ४७ घनफूट फुकटचं वाढलं असतं

वैशाली: आरएमसी म्हणजे प्लांटवरून तयार काँक्रीट मागवणार असशील तर ३४४ घनफुटाला ३५.३ ने भाग, ९.७४ क्युबिक मीटर येतं. सांडणं, प्लेटा खाली वाकणं हे धरून थोडं जास्त म्हणजे १०.२ सांगायचं. मिक्सर लावणार असाल तर एम २० ग्रेडच्या काँक्रीटला क्युबिक मीटरला ८ पोती सिमेंट धर, ७८ पोती होतात, ८२ आणून ठेवा

सीमावहिनी: आणि लोखंड? १८०० बरोबर आहे का ते सांगा ना आधी 😟

बापूकाका: सांगतो. आमच्या वेळी एकच नियम होता, स्लॅबमध्ये काँक्रीटच्या एक टक्का लोखंड. एक क्युबिक मीटर लोखंडाचं वजन ७८५० किलो, त्याचा एक टक्का म्हणजे ७८, म्हणून तोंडी हिशोबात क्युबिक मीटरला ८० किलो म्हणायचो. २५० घनफूट म्हणजे ७.०८ क्युबिक मीटर, गुणिले ८०, म्हणजे ५६६ किलो.

बीमला दीड टक्का, म्हणजे १२० किलो. पण लक्षात ठेव, लोखंडाला बीम मात्र पूर्ण १५ इंच धरायचा, कारण वरच्या सळया स्लॅबच्या जाडीतूनच जातात आणि रिंगाही पूर्ण उंचीच्या असतात. काँक्रीटला १० आणि लोखंडाला १५. पूर्ण खोलीने बीमचं काँक्रीट १४१ घनफूट म्हणजे ३.९८ क्युबिक मीटर, गुणिले १२०, म्हणजे ४७८ किलो.

एकूण १०४४. म्हणजे एक टन आणि वर थोडं

संदीप: मग १८०० आलं कुठून?? साडेसातशे किलोचा फरक आहे, ६० रुपयाने धरलं तरी ४५ हजार

वैशाली: दादा १८०० भागिले ६०० करून बघ

संदीप: ३

वैशाली: तेच. 'चौरस फुटाला ३ किलो' हा बाजारात चालणारा नियम आहे पण तो अख्ख्या सांगाड्याचा आहे, फुटिंग, कॉलम, प्लिंथ बीम, वरचा बीम आणि स्लॅब सगळं धरून. तुझं खालचं लोखंड आधीच झालं असताना तोच आकडा परत नुसत्या स्लॅबला लावलाय. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, बऱ्याच ठेकेदारांना तो एकच आकडा पाठ असतो. त्याला शांतपणे विचार की फुटिंग कॉलम धरून का नुसतं स्लॅबचं

बापूकाका: बरोबर बोलली पोरगी. आणि संदीप, माझे १०४४ पण मागवू नकोस, ते बजेटला आहेत. तुझे गाळे १० बाय १५ चे लहान आहेत, तिथे ८ एमएमची सळई ६ इंचावर दोन्ही बाजूंनी एवढंच ड्रॉइंगमध्ये असणार. गाळा १५ बाय १८ चा असता किंवा ४ फूट बाल्कनी लोंबत असती तर हेच ८० किलो कमी पडले असते, बाल्कनीचं लोखंड तर वरच्या बाजूला लागतं आणि जास्त लागतं, तिथे अंदाज चालवायचाच नाही

वैशाली: दादा ड्रॉइंगचा फोटो टाक, मी मोजून देते

संदीप: टाकला बघ. ८ एमएम ६ इंचावर दोन्हीकडून, काकांनी सांगितलं तसंच आहे

वैशाली: बघितलं. खालची जाळी: २० फुटांचे ६१ बार आणि ३० फुटांचे ४१ बार, मिळून २४५० फूट. वजन काढायचं सूत्र एकच, व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. ८ एमएमला ६४ भागिले १६२ म्हणजे ०.३९५, फुटाला ०.१२ किलो. जाळी २९४ किलो. बीमवरचे एक्स्ट्रा बार आणि ओव्हरलॅप धरून आणखी साधारण १६५, म्हणजे स्लॅब ४६० च्या आसपास. बीमचे १६ आणि १२ चे बार, रिंगा ८ च्या ६ इंचावर, मिळून ४४५. एकूण ९०५, कट-वेस्टला ३ टक्के टाकून ९३० किलो मागव. पण ८, १२ आणि १६ किती किती ते वेगळं लिहून दे, नुसतं '९३० किलो' म्हटलं तर नको ते साईज जास्त येतात आणि ८ कमी पडतो

सीमावहिनी: ट्रक आला की वजन बघायचं कसं?

वैशाली: वहिनी, वजनकाट्याची पावती मागायचीच, आणि बंडलमधले बार मोजायचे. १२ एमएमचा १२ मीटरचा बार १०.६६ किलो, ८ एमएमचा ४.७४. बार मोजून गुणलं आणि काट्याचं वजन त्यापेक्षा बरंच कमी आलं तर बार बारीक आहे. बारीक साईजमध्ये आयएस १७८६ प्रमाणे १० एमएमपर्यंत ७ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालतं, १२ आणि १६ ला ५ टक्के, त्याच्या पलीकडे गेलं तर परत पाठवायचं

बापूकाका: आणि काँक्रीटचं शेवटचं ऐक, हे मी डोळ्याने पाहिलंय. एका ठिकाणी प्लेटा नीट लेव्हल केल्या नव्हत्या, स्लॅब ५ ऐवजी साडेपाच झाला. अर्धा इंच म्हणजे ६०० फुटाला २५ घनफूट जास्त, म्हणजे ६ पोती सिमेंट. शेवटच्या कोपऱ्यात माल संपला, संध्याकाळी सिमेंट आणायला माणूस पळाला, तोवर आधीचा भाग धरून गेला आणि तिथेच जॉइंट राहिला. पहिल्या पावसात तिथूनच गळायला लागलं. म्हणून शनिवारी दोरी ताणून कडेपासून मधपर्यंत प्लेटा तपास आणि चारी बाजूंना ५ इंचाची खूण कर

संदीप: हो काका. ठेकेदाराला आत्ताच फोन केला, त्याने मान्य केलं की तो पूर्ण सांगाड्याचा आकडा होता. ९३० किलो उद्या येतंय, काटा पावती घेऊन. सेंट्रिंगची दोरी मी स्वतः धरतो शनिवारी

वैशाली: दादा रविवारी पाणी भरून ठेव, आणि मी शनिवारी संध्याकाळी येतेय, कव्हर ब्लॉक आणि बार मी एकदा बघते टाकायच्या आधी