वेळ दिला, दिली की दिलात? (मुलाखतीनंतरचा आभाराचा मेल)

शमा
धाकट्या भावाची काल मुलाखत झाली. पद अनुवादकाचं, प्रश्नोत्तरं सगळी मराठीत, म्हणून आभाराचा मेलही मराठीतच पाठवायचा असं त्याने ठरवलं. आज संध्याकाळपर्यंत जायला हवा. त्याने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा देते:

"महोदया, काल आपण मला वेळ दिली त्याबद्दल मन:पुर्वक आभार. पदाच्या जबाबदार्या आपण नीट समजावून सांगितल्या. अनुवादाच्या पध्दतीबद्दल आपण चर्चा केली ती मला फार उपयोगी वाटली. आपल्यासोबत काम करण्यास मी उत्सूक आहे. आपल्या ऊत्तराची वाट पहात आहे."

ऱ्हस्व-दीर्घ मी बघते, पण पहिल्याच वाक्यावर आमचं भांडण झालंय. मी "वेळ दिला" केलं. तो म्हणतो, शाळेत बाईंनी "ती वेळ" शिकवलंय, वेळ स्त्रीलिंगीच. आईचं म्हणणं, "दिलात" पाहिजे. कोण बरोबर?

मोकळीक
"दिला". विषय संपला. वेळ गेला, वेळ लागला, वेळ मिळाला. कोणी "वेळ लागली" म्हणतं का?

रानवारा
इतक्यात विषय संपवू नका. मूळ संस्कृत शब्द वेला, तो स्त्रीलिंगी. काठ, मर्यादा, भरती आणि वेळ असे त्याचे अर्थ. म्हणजे भावाच्या बाईंनी शिकवलं तेच शुद्ध. पुल्लिंगी रूप हिंदीतल्या समयच्या सावलीत आलं असावं, असं माझं मत आहे. आणि तो मेल नव्हे, विपत्र म्हणा.

जुळारी
छापखान्यात मुद्रितं वाचण्यात माझा जन्म गेला आणि हा शब्द माझ्या टेबलावरून किती वेळा गेला असेल, मोजता यायचं नाही. रानवारा, व्युत्पत्ती तुमची बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. मराठीत हा शब्द दोन्ही लिंगांत नांदतो आणि लिंगाबरोबर अर्थ बदलतो.

साधी परीक्षा सांगतो. शब्दाआधी "किती" बसतं की "कोणती", ते पाहायचं. किती वेळ गेला, किती वेळ थांबलास, इथे वेळ म्हणजे लांबी, आणि तो पुल्लिंगी. कोणती वेळ ठरली, जेवायची वेळ झाली, इथे वेळ म्हणजे घटका, आणि ती स्त्रीलिंगी. "काळ आला होता पण वेळ आली नव्हती" या म्हणीत घटकाच आहे. वेळ पाळली, वेळ मारून नेली, वेळ साधली, सगळ्या घटकाच.

आता भावाचं वाक्य घ्या. "आपण मला वेळ दिली" याचा अर्थ होतो, "अकरा वाजता या" असं आपण सांगितलंत. "आपण मला वेळ दिला" म्हणजे माझ्यासाठी आपला तास-अर्धा तास खर्च केलात. दोन्ही वाक्यं व्याकरणात बसतात, पण आभार दुसऱ्याचे मानायचे आहेत. डॉक्टरांची वेळ घेतली आणि डॉक्टरांचा वेळ घेतला, यात जेवढा फरक तेवढाच इथे आहे.

हिंदीच्या सावलीचं म्हणाल, तर "वेळात वेळ काढून" हा वाक्प्रचार पाहा. "वेळात" हे पुल्लिंगी सामान्यरूप आहे. स्त्रीलिंगी असतं तर "वेळेत वेळ" झालं असतं, आणि तसं कोणी म्हणत नाही.

शमा
किती-कोणती हे मला कधी सुचलंच नव्हतं. भावाला वाचून दाखवलं, त्यालाही पटलं. पण मग "आपण दिलेल्या वेळेबद्दल आभार" असं लिहिलं तर? तो आता तसं करायचं म्हणतोय.

मोकळीक
लिहू दे की. सगळे "वेळेबद्दल" लिहितात, "वेळाबद्दल" मी आजवर वाचलेलं नाही.

जुळारी
माझ्या नियमाने "आपण दिलेल्या वेळेबद्दल" म्हणजे पुन्हा ती अकराची घटकाच. मी असतो तर टाळलं असतं.

मोकळीक
काका, मग "वेळेची बचत", "वेळेचा अपव्यय", "वेळेअभावी" यांचं काय करायचं? तिथे तर "किती"चाच अर्थ आहे. तरी कोणी "वेळाचा अपव्यय" म्हणत नाही. तुमची परीक्षा इथे नापास होते.

जुळारी
हे मान्य आहे, आणि मलाही ते नेहमी खटकत आलंय. माझं निरीक्षण असं की आधी मापाचा शब्द आला तर "वेळा" टिकतं. थोड्या वेळाने, इतक्या वेळात, बऱ्याच वेळानंतर. मापाचा शब्द नसेल तर अर्थ लांबीचा असला तरी जीभ "वेळे"कडे वळते. "वेळात वेळ" तेवढं अपवाद म्हणून उरलं. पण हल्ली "कमी वेळेत" असंही छापून येतं. माझ्या हातून मुद्रित गेलं तर मी ते "कमी वेळात" करतो. कारण "वेळेत" म्हणजे ठरल्या घटकेच्या आत. "काम वेळेत झालं" आणि "काम कमी वेळात झालं" या निराळ्या गोष्टी आहेत.

सई_म
मी मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. असे मेल मला येतात. खरं सांगते, दिला की दिली हे मी बघत नाही, पण माझं नाव चुकलं असेल तर लगेच डोळ्यात भरतं. भावाने नाव तपासलंय ना? आणि मेल चार-पाच ओळींपुरताच ठेवावा.

शमा
सईताई, नाव तपासलंय. पण पद अनुवादकाचं आहे, तिथे दिला-दिली नक्की बघतील असं मला वाटतं.

टंकनिका
मला वेगळीच चूक दिसतेय. "जबाबदार्या". तिथे र चा रफार होऊन य वर बसलाय. हवं "जबाबदाऱ्या". हा फरक नुसता दिसण्याचा नाही. आचार्यांना बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं, यात माणूसच बदलतो.

आणि भावाने कदाचित बरोबरच टंकलं असेल. हा र दोन वाटांनी उमटतो. एक म्हणजे नुक्तावाला ऱ, हलन्त, य. दुसरी वाट साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडचिन्हाचा वर्ण, मग य. दुसऱ्या वाटेने लिहिलेला मजकूर एका खिडकीतून दुसरीत चिकटवताना तो न दिसणारा वर्ण कधीकधी गळतो आणि डोळ्यांदेखत रफार होतो. माझ्या स्वतःच्या अर्जात "सुधारणार्या" गेलं होतं, पाठवल्यानंतर कळलं. म्हणून ऱ च वापरायचा, आणि मेलच्या खिडकीत चिकटवल्यावर पुन्हा एकदा वाचायचं.

"मन:पुर्वक"मध्येही विसर्गाच्या जागी अपूर्णविराम पडलाय, तो "मनःपूर्वक" करा. पू दीर्घ. "पध्दत" नव्हे, "पद्धत". द आधी, ध नंतर.

शमा
बाप रे, विसर्ग मला दिसलाच नव्हता. आणि "उत्सूक" का चुकतं? त्याचं म्हणणं, मजकूर, मंजूर, गरीब सगळ्यांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ, मग हेही दीर्घ.

जुळारी
नियम त्याने नीट लक्षात ठेवलाय, फक्त चुकीच्या शब्दाला लावलाय. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर उपान्त्य इकार-उकार दीर्घ, हे मराठी शब्दांसाठी. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द त्यातून वगळलेत. उत्सुक तत्सम आहे, म्हणून ऱ्हस्व. साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२ची चारांची भर, एवढं एकदा सलग वाचलं की असे घोळ कमी होतात. "पहात"चंही तसंच. राहणे, पाहणे, वाहणे ही रूपं नियमात दिलीत, म्हणून "पाहत". "ऊत्तर" मात्र घाईची चूक, पहिला उ ऱ्हस्व.

रानवारा
आईचा मुद्दा सगळे विसरलात. "आपण" हे आदरार्थी सर्वनाम, त्याला "-त" लागत नाही. "आपण यावे", "आपण सांगितले". "दिलात" हे "तुम्ही"बरोबर शोभतं. औपचारिक मजकुरात मी "आपण दिला" असंच लिहीन.

जुळारी
दोन्ही लिहिलेलं सापडतं, मी कोणाला चूक म्हणणार नाही. पण मराठीत "आपण" म्हणजे तुम्ही, आणि "आपण" म्हणजे तुम्ही-मी मिळूनही. भावाचं तिसरं वाक्य पुन्हा वाचा. "आपण चर्चा केली." ही चर्चा बाईंनी केली की दोघांनी मिळून? "केलीत" म्हटलं की बाईंनी. "-त" हा तेवढा एकच खुंटा आहे आपल्याकडे. आणि एकदा लावला की सगळीकडे लावायचा. वेळ काढलात, जबाबदाऱ्या सांगितल्यात.

शमाताई, मी असं पाठवलं असतं:

"महोदया, काल माझ्या मुलाखतीसाठी आपण वेळात वेळ काढलात, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. पदाच्या जबाबदाऱ्या आपण नीट समजावून सांगितल्यात. अनुवादाच्या पद्धतीबद्दल आपल्यात झालेली चर्चा मला फार उपयोगी वाटली. आपल्यासोबत काम करण्यास मी उत्सुक आहे. आपल्या उत्तराची वाट पाहत आहे."

रानवारा
"सांगितल्यात" कानाला बोचतं. माझं मत बदललेलं नाही.

मोकळीक
मला तर "आपण" काढून सरळ "तुम्ही" लिहिलेलं आवडेल. "तुम्ही वेळ काढलात." आदर "-लात"मध्ये आलाच की.

सई_म
मला "तुम्ही" चालेल. माझ्या वरिष्ठांना चालणार नाही.

शमा
पाठवला. जुळारीकाकांचा मजकूर, पण "सांगितल्यात" वाचताना भाऊ अडखळला, म्हणून "आपल्याकडून पदाच्या जबाबदाऱ्या नीट समजल्या" असं केलं. चिकटवल्यावर ऱ्या पुन्हा तपासला, शाबूत होता. आईला "काढलात" दिसल्यावर समाधान झालं. सगळ्यांचे आभार.

रानवारा
"आपल्याकडून समजल्या" हे बरं झालं. पण शमाताई, तुम्ही वर "मेलही पाठवायचा" लिहिलंत. माझी मुलगी "मेल आली" म्हणते, जावई "मेल आलं" म्हणतात. विपत्र म्हटलं की पत्रासारखं नपुंसकलिंगी, वादच राहत नाही.

टंकनिका
आमच्याकडे "मेल आला". निरोप आला, तसा.

मोकळीक
आमच्याकडे आली. चिठ्ठी आली, तशी. आणि काका, "वेळेचा अपव्यय"चं उत्तर अजून मिळालेलं नाही.

जुळारी
शोधतोय. जुन्या मजकुरात कुठे "वेळाचा" सापडतं का ते पाहतो.