शिबिराचं टार्गेट पूर्ण, मग गावात चाचपडणारी माणसं कशी?

गिरणाकाठ
आमच्या तालुक्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं टार्गेट दरवर्षी पूर्ण होतं, कधी जास्तच होतं असं मीटिंगमध्ये सांगतात. पण आमच्याच गल्लीत चार-पाच म्हातारी माणसं भिंत धरून चालतात. मग टार्गेट आणि कव्हरेज एकच का? आणि आंधळं नक्की कोणाला म्हणतात?

जुना मास्तर
सगळा व्याख्येचा खेळ आहे भाऊ. नजर 6/60 म्हणजे निरोगी डोळ्याला जे साठ मीटरवरून दिसतं ते बघायला सहा मीटरवर यावं लागतं. आधी आपल्याकडे चांगल्या डोळ्याची नजर 6/60 पेक्षा कमी असली की माणूस आंधळा धरायचे, 2017 ला ते 3/60 केलं. म्हणजे तक्त्यावरचा सगळ्यात मोठा ई, जो सहा मीटरवरून दिसायला हवा, तो ज्याला तीन मीटरवर जाऊनही दिसत नाही तोच आंधळा. बाकीचे एका रात्रीत डोळस झाले. म्हणून 2006-07 च्या सर्व्हेतला 1 टक्का पुढच्या सर्व्हेत 0.36 वर आला. कोणाचा डोळा काही सुधारला नाही, कागद सुधारला.

नेत्रसहायक (निवृत्त)
मास्तर, अर्धी गोष्ट बरोबर आहे तुमची. व्याख्या बदलली हे खरं, पण ती जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येशी जुळवायला बदलली, आणि मधले लोक गायब नाही झाले, त्यांचा वेगळा गट केलाय. 2015-19 च्या सर्व्हेत 3/60 खाली 0.36 टक्के आणि 6/60 ते 3/60 च्या मधे 0.35 टक्के. दोन्ही मिळवले की जुन्या मापाने 0.71 होतात. म्हणजे 1 वरून 0.71, घट खरी आहे पण 0.36 ऐकून वाटते तेवढी मोठी नाही. आणि हा आकडा देशभरातल्या 31 जिल्ह्यांतून काढलेला, त्यावरून तुमच्या तालुक्याचं काहीच कळत नाही.

आता गिरणाकाठ, तुमचा मूळ प्रश्न. टार्गेटमध्ये ऑपरेशन मोजतात, म्हणजे डोळे मोजतात. एकाच बाईचे दोन्ही डोळे झाले तर दोन. शेजारच्या तालुक्यातून आलेला माणूस पण धरतात, आणि नजर बरीच चांगली असतानाच पैसे भरून करून घेतलेला पण बऱ्याच ठिकाणी धरला जातो. कव्हरेजला विचारतात की ज्यांना गरज होती त्यातल्या किती जणांना ऑपरेशन मिळालं. त्यासाठी घरोघरी जावं लागतं, दवाखान्याच्या रजिस्टरमधून ते निघत नाही, कारण जो आलाच नाही तो रजिस्टरमध्ये नाही.

समजा एका गावात पन्नाशीच्या पुढचे 50 जण तपासले (आकडे समजावण्यापुरते धरा, 50 जणांवरून खरा निष्कर्ष निघत नाही, खऱ्या सर्व्हेत अशी कितीतरी गावं लागतात). 4 जणांचे दोन्ही डोळे झालेले. एक डोळा झालाय आणि दुसऱ्यात मोतीबिंदूने नजर 6/60 च्या खाली आहे असे 2. दोन्ही डोळ्यांत तसाच मोतीबिंदू आणि एकही झाला नाही असे 2. गरज होती 8 जणांना, मिळालं 6 जणांना, कव्हरेज 75 टक्के. आता तेच गाव, तीच माणसं, फक्त रेघ 6/18 वर आणा, म्हणजे त्याहून कमी दिसणारे सगळे गरजेचे धरा. दोन्ही झालेले 4 च राहतील, एक झालेला आणि दुसरा 6/18 च्या खाली असे 3 होतील, आणि दोन्ही राहिलेले 2 चे 6 होतील कारण अर्धवट दिसणारे आत आले. 13 पैकी 7, म्हणजे 54 टक्के. म्हणून कोणी कव्हरेज सांगितलं की पहिलं विचारायचं, कोणत्या रेघेला?

केळीवाला रावेर
आम्ही गेली कित्येक वर्षं शिबिर भरवतोय, त्यामुळे थोडं बोलतो. गाडी आम्ही करतो, जेवण आम्ही देतो, म्हातारीच्या सुनेला मनवायला आशाताईबरोबर तीनतीन वेळा घरी जातो, तरी आबा म्हणतात "माले दिखस रे भो, कसाले दवाखाना". अशा वेळी टार्गेट नसतं तर कोणी गेलंच नसतं. तुम्ही लोक टक्केवारीत भांडता पण ज्याचा डोळा उघडला त्याला सहा अठरा काय आणि सहा साठ काय, त्याला नातू दिसला.

नेत्रसहायक (निवृत्त)
दादा, तुमच्या गाड्यांमुळेच माझ्या काळात वॉर्ड भरायचा, ते मी विसरलेलो नाही. पण नातू दिसला की नाही हेच तर टार्गेट विचारत नाही. वरच्या गावातले जे 7 जण झालेत ना, त्यांना अंगणात उभं करा, ते रोज जो चष्मा घालतात तो घालू द्या, नसेल तर तसंच, आणि झालेल्या डोळ्याने 6/12 दिसतं का बघा. समजा 4 जणांना दिसलं. तर खरं कव्हरेज 13 पैकी 4, म्हणजे 31 टक्के. 54 आणि 31 च्या मधला जो फरक आहे ते 3 जण तुमच्या गाडीतूनच गेले होते. त्यांचं नाव टार्गेटमध्ये लागलं, नजर मात्र आली नाही. 2021 पासून जागतिक पातळीवर हेच दुसरं माप धरलंय, आणि 2030 पर्यंत ते 30 पॉइंटने वाढवायचं ठरलंय.

केळीवाला रावेर
मग उद्या डॉक्टर काय करतील सांगू का, ज्याला साखर आहे, ज्याचा पडदा खराब असेल, ज्याचा मोतीबिंदू पिकून दगड झालाय त्याला म्हणतील पुढच्या वेळी या. कारण त्याने निकाल खराब होईल. धडगाव-अक्कलकुव्याकडून जो माणूस अगदी शेवटच्या टोकाला येतो तोच पहिला परत जाईल. एवढं बघा.

नेत्रसहायक (निवृत्त)
ही भीती खरी आहे, मी ती खोटी म्हणणार नाही. माप सर्व्हेचं राहिलं, सर्जनच्या नावावर नाही लावलं तर त्रास कमी. पण हॉस्पिटलच्या बिलाला जोडलं तर तुम्ही म्हणता तसंच होईल.

सोनाली चोपडा
इथे बोलावं की नाही कळत नाही, माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्या सासूबाईंचं डाव्या डोळ्याचं मागच्या वर्षी शिबिरात ऑपरेशन झालं. पहिले चार-पाच महिने इतकं छान दिसायचं की स्वतः दादर ज्वारी निवडायच्या, खडा न खडा काढायच्या. आता म्हणतात धुकं आलंय, मोतीबिंदू परत आला. ज्या दवाखान्यात झालं तिथे गेलो तर वयाने होतं म्हणून परत पाठवलं, डोळ्यात थेंब टाकून आत बघितलंही नाही. चष्मा पण कधी दिला नाही. मोतीबिंदू परत येतो का?

नेत्रसहायक (निवृत्त)
ताई, इथेच बोलायचं, तुमच्या सासूबाई म्हणजे त्या तिघांपैकीच एक आहेत. मोतीबिंदू परत येत नाही, कारण ते भिंग काढूनच टाकलंय. पण लेन्स ज्या पापुद्र्यावर बसवतात तो पापुद्रा काही महिन्यांनी, वर्षांनी धुरकट होऊ शकतो. त्याला यॅग लेसर असतं, काही मिनिटांचं काम, भरती व्हावं लागत नाही. घरी एक करून बघा. पोस्टकार्डासारख्या जाड कागदाला मोठ्या सुईने छिद्र पाडा, उजवा डोळा झाका, आणि छिद्रातून दारावरचं कॅलेंडर वाचायला सांगा. छिद्रातून बरंच साफ दिसलं तर चष्म्याच्या नंबरचा भाग मोठा आहे. काहीच फरक नाही तर पापुद्रा किंवा पडदा बघायला हवा. हा फक्त अंदाज आहे, डोळा मोठा करून आत बघायला लावाच, दुसऱ्या दवाखान्यात न्या. आणि दुखत असेल, लाल असेल तर वाट बघू नका.

शहाद्याची ताई
मी सर्व्हेत काम केलंय, घरोघरीचा भाग सांगते. आमच्याकडे सहा मीटरची दोरी असायची, तीन मीटरवर गाठ. म्हातारीला सावलीत बसवायचं, तोंड उजेडाकडे नाही, आणि ई चं तोंड कुठे आहे ते हाताने दाखवायला सांगायचं, पाचपैकी चार बरोबर आले तरच दिसतं म्हणायचं. एक पावरा आजी दर वेळी एकच हात वर करायची, आम्ही आंधळी लिहिणारच होतो. मग तिच्या नातीने तिच्या भाषेत समजावलं तर सगळे बरोबर सांगितले.

पण खरा घोळ दुसराच. कापूस वेचायच्या दिवसांत गेलो की घरात कोण सापडतं? ज्याला दिसत नाही तो. ज्याला दिसतं तो शेतात किंवा ऊसतोडीला गुजरातेत. मग आंधळे जास्त निघतात. म्हणून संध्याकाळी परत जायचं, दोनदा जायचं, आणि नाहीच भेटला तर शेजाऱ्याला विचारून तसं वेगळं लिहायचं. मास्तर, तुम्ही म्हणता कागद सुधारतो, तर असा कागद बिघडतो पण.

जुना मास्तर
ताई हे माहीत नव्हतं. पण 3/60 वर माझा आक्षेप तसाच आहे. 4/60 वाल्या माणसाला एकट्याने एसटी पकडता येत नाही, त्याला आंधळा म्हणायचं नाही म्हणजे त्याला कागदावर मदत मिळायची नाही.

नेत्रसहायक (निवृत्त)
मास्तर, दिव्यांग प्रमाणपत्राचे निकष वेगळे आहेत, ते या व्याख्येने ठरत नाहीत. शिबिरात ऑपरेशनला पण 3/60 ची अट नसते.

तळोदा मराठी शाळा
खुपरीचं, म्हणजे ट्रॅकोमा नावाच्या डोळ्याच्या रोगाचं विचारतो. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये भारत खुपरीमुक्त झाल्याचं वाचलं. पण आमच्या पाड्यावर एक आजी रोज चिमट्याने पापणीचे केस उपटते, केस आत वळून टोचतात म्हणते. मग मुक्त कसं?

नेत्रसहायक (निवृत्त)
सर, मुक्त म्हणजे शून्य नाही. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिला नाही असं म्हटलंय. त्याच्या दोन रेघा आहेत, एक ते नऊ वर्षांच्या पोरांत चालू खुपरी 5 टक्क्यांच्या खाली, आणि पंधरा वर्षांच्या वर केस वळलेले आणि आरोग्य खात्याला माहीत नसलेले 0.2 टक्क्यांच्या खाली. म्हणजे हजारात एखादी आजी राहूनही हे लागू होतं. तिला लहानपणी वारंवार झालेली खुपरी आता वरच्या पापणीच्या आत व्रण होऊन बसली असेल. खालच्या पापणीचे केस वळले असतील तर बहुतेक वयाने पापणी सैल झाल्याचं आहे, खुपरी नाही. वरची पापणी उलटून आत पांढरी रेघ दिसते का ते नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडून बघून घ्या.

आणि तिला मोतीबिंदू असेल तर हे आधी सांगा. केस टोचत असताना मोतीबिंदूचं ऑपरेशन करू नये, आधी पापणी सरळ करायची. नाहीतर इन्फेक्शनची भीती, आणि बुबुळ आधीच खरवडलेलं असेल तर नवीन लेन्स टाकूनही धूसरच दिसणार. मग तीही झालेल्यांत मोजली जाईल आणि दिसणाऱ्यांत नाही.

केळीवाला रावेर
पापणी बघायचं आमच्या शिबिरात कोणी करत नाही हे कबूल. पुढच्या यादीत एक रकाना वाढवतो. पण ऑपरेशननंतर चष्म्यासकट नजर तपासायची म्हणता, त्यासाठी माणसं परत आणायची गाडी कोण देणार? एक खेप आम्ही कशीबशी करतो.

गिरणाकाठ
दादा, आमच्या गल्लीतले पाच मी आणतो. एका आज्जीचं आधी झालेलं आहे, तिची नजर कोणी लिहिलेलीच नाही, दोरी घेऊन रविवारी बघतो.

सोनाली चोपडा
छिद्रातून काही फरक नाही पडला, कॅलेंडरचे मोठे आकडे पण पुसटच. उद्या जळगावला नेतोय.