मदत हवी आहे: मोल्डिंग विभागाच्या वीजबिलातला स्थिर भाग कसा काढावा?

नमस्कार मंडळी. प्लास्टिक मोल्डिंग विभागाचं पुढच्या वर्षाचं बजेट करतोय. भाडं, सुपरवायझरचा पगार स्थिर. दाणा, पॅकिंग चल, इथवर प्रश्न नाही. अडलंय ते वीजबिलापाशी.

हाय-लो पद्धत लावली. जानेवारीत 40,000 किलो माल, बिल 5,20,000 रुपये. ऑगस्टमध्ये 24,000 किलो, बिल 3,60,000. म्हणजे किलोमागे 10 रुपये आणि स्थिर भाग 1,20,000. पण बिलावरचा डिमांड चार्जच दर महिन्याला 1,80,000 आहे! स्थिर भाग त्याहून कमी येईलच कसा?

ऑगस्टमध्ये देखभालीसाठी दहा दिवस मशीन, कंप्रेसर, चिलर सगळं बंद होतं. तो महिना वगळून जूनचे 28,000 किलो आणि 4,24,000 रुपये धरले, तर किलोमागे 8 रुपये आणि स्थिर 2,00,000 येतात. हे मला जास्त पटतं, कारण चिलर माल कमी असला तरी फिरतोच.

असा बंदचा महिना वगळणं ऑडिटरला चालतं का? की डिमांड चार्ज थेट स्थिरमध्ये टाकून फक्त युनिटच्या रकमेवर हाय-लो लावावी? शिवाय माल 45,000 किलोवर गेला तर करारातली डिमांड वाढवावी लागेल. ती उडी बजेटमध्ये कशी दाखवता?