मदत हवी आहे: समुद्राचं पाणी गोडं करायला घनमीटरमागे 3 युनिट की 5?

निळाई: रोज 500 घनमीटर गोडं पाणी देणाऱ्या आरओ प्लांटचा अंदाज काढतेय. क्षारता 35 ग्रॅम प्रतिलिटर, दाब 60 बार, रिकव्हरी 40 टक्के. माझ्या हिशेबात घनमीटरला 5.2 युनिट येतात, कोटेशनमध्ये 3.2 लिहिलंय. कोण चुकतंय? आणि हजार लिटरला खर्च किती धरावा?

जुनापंप: कोणीच नाही. 1 घनमीटर पाणी 36 बारपर्यंत चढवायला 1 युनिट लागतं. हजार लिटर गोड्या पाण्यासाठी तुम्ही 2500 लिटर 60 बारला नेताय, म्हणजे 4.17 युनिट, पंप-मोटरची कार्यक्षमता 80 टक्के धरली की 5.2. पण उरलेलं 1500 लिटर रिजेक्ट 58 बारच्या आसपास दाबानेच बाहेर पडतं. कोटेशनमध्ये प्रेशर एक्स्चेंजर असणार. तो हा दाब येणाऱ्या पाण्याला देतो, त्यामुळे मुख्य पंपाला जेमतेम हजार लिटरच चढवावे लागतात: 2.1 युनिट. बूस्टरला साधारण 0.2, समुद्रातून उपसा, फिल्टर आणि बाकी किरकोळ मिळून 0.7-0.9.

दर्यावर्दी: मग रिकव्हरी 20 टक्के ठेवा. रिजेक्ट कमी खारं, दाब 50 बारवर येईल, वीज वाचेल.

जुनापंप: दाब उतरेल हे खरं. पण एक्स्चेंजर नसेल तर 5000 लिटर चढवायचे, म्हणजे 8.7 युनिट. असला तरी उपसा आणि गाळणी दुप्पट.

विहीरवाला: आमच्या बोअरच्या आरओला 1 युनिटही लागत नाही, तुम्हाला फसवतायत!

जुनापंप: बोअरचं पाणी कितीतरी कमी खारं असतं हो. समुद्राच्या पाण्याचा ऑस्मॉटिक दाबच 27 बार, आणि 40 टक्के रिकव्हरीला रिजेक्टचा 45 च्या घरात. त्याच्या वर गेल्याशिवाय शेवटच्या मेंब्रेनमधून थेंब निघत नाही.

निळाई: एक्स्चेंजर बिघडला तर कळतं कसं?

जुनापंप: त्यात रिजेक्ट थोडं मिसळतंच. मेंब्रेनपाशी पोचणाऱ्या पाण्याची क्षारता समुद्रापेक्षा 2-3 टक्के जास्त असणं ठीक. 6-7 टक्के दिसली आणि त्याच उत्पादनाला दाब वाढवावा लागला, तर आधी कमी दाबाच्या बाजूचा प्रवाह मोजा. तो बूस्टरच्या प्रवाहापेक्षा कमी पडला की मिसळण वाढते. गाळणी तुंबली तरी हेच होतं. लगेच रोटरला दोष देऊ नका.

हिशेबनीस: खर्चाचं मी सांगतो. युनिट 0.10 डॉलर धरलं तर वीज 0.32. रोजच्या घनमीटर क्षमतेमागे 1500 डॉलर भांडवल, 20 वर्षं, 7 टक्के व्याज, 90 टक्के दिवस चालू: 0.43. मेंब्रेन, रसायनं, माणसं मिळून 0.25 धरा. हजार लिटरला साधारण 1 डॉलर. निम्मे दिवसच चालवलात तर भांडवलाचाच भाग 0.78 होतो, वीज वाचवून तो भरून निघत नाही.

जुनापंप: 500 च्या प्लांटला 0.25 कमी वाटतं. माणसं तेवढीच लागतात, पाणी थोडं.

हिशेबनीस: ते पाळीला किती माणसं ठेवता त्यावर. 0.40 पर्यंत जाऊ शकतं.

निळाई: रिजेक्ट परत समुद्रात सोडायची पाइपलाइन यात धरलीय का?

हिशेबनीस: नाही. किती लांब आहे?