ब्लूटूथला लोकेशन कशाला लागतं?

> फिटनेस बँड फोनला जोडायचाय, तर अ‍ॅप आधी लोकेशन मागतं. नाही दिलं तर यादी रिकामीच. ब्लूटूथचा आणि माझ्या ठिकाणाचा संबंध काय?

संबंध आहे, आणि तो खरा आहे. काही दुकानांत, विमानतळांवर बीकन नावाची छोटी यंत्रं लावलेली असतात. ती ब्लूटूथवरून आपला ठरावीक क्रमांक सतत पाठवत राहतात. कुठलं बीकन कुठे आहे याची यादी ज्याच्याकडे असेल, त्याला जीपीएसशिवायही तुम्ही कुठे उभे आहात ते कळतं. म्हणूनच अँड्रॉइड ६ पासून आसपासची उपकरणं शोधणाऱ्या अ‍ॅपला लोकेशनची परवानगी घ्यावी लागते.

अँड्रॉइड १२ मध्ये 'जवळपासची उपकरणं' ही वेगळी परवानगी आली. अ‍ॅप बनवणाऱ्याने शोधाच्या परवानगीला `neverForLocation`, म्हणजे 'यातून ठिकाण काढणार नाही' असं सांगणारं चिन्ह जोडलं, तर तेवढ्यावर भागतं; मात्र मग काही बीकन यादीत येत नाहीत. त्याने ते जोडलं नसेल तर नव्या फोनवरही दोन्ही परवानग्या लागतात. माझ्या मते बँडच्या अ‍ॅपने ते जोडायलाच हवं.

खरी गोची जुन्या फोनवर होते. माझ्या अँड्रॉइड १० च्या फोनवर परवानगी दिलेली होती, पण वरच्या पट्टीतलं लोकेशनचं बटण बंद होतं. अ‍ॅप शोधत राहिलं, चूक काहीच दाखवली नाही, यादी कोरी. बटण चालू करून पुन्हा शोधलं आणि बँड लगेच दिसला. तुम्हीही आधी ते बटण बघा. एकदा बँड जोडला गेला की ते बंद करून पाहा. जोडलेल्या उपकरणाशी बोलायला लोकेशन लागत नाही.